पासबुकातली ओळ: नाव तुटतं, आकडा टिकतो

डोंबिवली पूर्वेच्या आमच्या सोसायटीचा मी खजिनदार आहे. बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवायचं आणि कोणत्या फ्लॅटचा मेंटेनन्स आला, कोणाचा राहिला ते जुळवायचं, हे माझं दरमहाचं काम. आधी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी केली, त्यामुळे बँकेच्या ओळींशी ओळख जुनी आहे. ही बातमी इमारतीत पसरली आणि शेजारीपाजारी आपापली पासबुकं घेऊन यायला लागले. "हे काय लिहिलंय हो? पैसे कोणी काढले?" दहापैकी नऊ वेळा पैसे कोणीच चोरलेले नसतात. ओळ वाचता आलेली नसते, एवढंच. उरलेल्या एका वेळी मात्र ओळ लगेच वाचता येणं फार महत्त्वाचं ठरतं. या कामातून जे हाती लागलं, ते क्रमाने मांडतो.

१. ओळ सलग वाचू नका, तिरक्या रेघेवर तोडा

पासबुकातली ओळ म्हणजे वाक्य नव्हे. ते ठरावीक क्रमाने भरलेले रकाने असतात आणि जागा वाचवण्यासाठी मध्ये फक्त तिरकी रेघ किंवा आडवी रेघ टाकलेली असते. आमच्या खात्यात आली होती तशा धर्तीची एक ओळ नमुन्यादाखल देतो. नाव आणि क्रमांकातले शेवटचे आकडे बदललेले आहेत.

```
UPI/CR/518123456789/SUNITA R/HDFC/sunita.4/A402 MAI
```

पहिला तुकडा रस्ता सांगतो: पैसे यूपीआयने आले. दुसरा दिशा सांगतो: `CR` म्हणजे जमा, `DR` म्हणजे नावे. तिसरा तुकडा हा व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक. चौथा समोरच्याचं नाव, पाचवा समोरच्याच्या बँकेचा चार अक्षरी कोड, सहावा त्याचा यूपीआय पत्ता आणि शेवटचा तुकडा म्हणजे पैसे पाठवताना त्याने टाइप केलेला शेरा. आता नीट पाहा, काय काय कापलं गेलं आहे. नाव अर्धं, पत्ता अर्धा, शेरा अर्धा. बारा आकडे मात्र पूर्ण आहेत. असं बहुतेक ओळींत होतं. म्हणून मी नावाआधी आकडा पाहतो.

प्रत्येक बँकेची मांडणी थोडी वेगळी असते. काही बँका याच ओळीच्या आधी `BY TRANSFER` किंवा `TO TRANSFER` छापतात. जुन्या वहीखात्याच्या रिवाजाप्रमाणे `BY` असेल तर रक्कम जमा आणि `TO` असेल तर नावे. पण क्रम एकदा आपल्या बँकेच्या दोन-तीन ओळखीच्या ओळींवर लावून पाहिला की पुढच्या सगळ्या ओळी उलगडतात. पासबुकाचा रकाना अरुंद असल्यामुळे तिथे जास्त कापाकापी होते. तीच नोंद बँकेच्या ॲपवरून पीडीएफ स्टेटमेंट काढलं तर बरीच लांब दिसते. त्यामुळे ओळ कळली नाही तर आधी पीडीएफ काढा, मग घाबरायचं की नाही ते ठरवा.

सोसायटीत मी एक नियम लावून घेतला आहे: शेऱ्यात फ्लॅट नंबर आधी, बाकी सगळं नंतर. "मेंटेनन्स जून महिना ए ४०२" असं लिहिणाऱ्याचा फ्लॅट नंबर कापला जातो आणि "ए ४०२ जून" लिहिणाऱ्याचा वाचतो. मुलगा पुण्याहून आईच्या फ्लॅटचे पैसे भरतो, भाडेकरू मालकाच्या नावाचे भरतो. अशा वेळी पाठवणाऱ्याच्या नावावरून काहीच कळत नाही.

२. बारा आकड्यांत तारीख दडलेली असते

वरच्या ओळीवरून आमच्याकडे छोटासा वाद झाला होता. मेंटेनन्स भरायची मुदत ३० जून. बँकेच्या स्टेटमेंटवर नोंद १ जुलैची. नियमाप्रमाणे उशिराचं व्याज लागलं आणि त्या वहिनी तडक घरी आल्या. "काका, मी तीस तारखेलाच भरले. रात्री जेवणं झाल्यावर भरले, पण तीस तारखेलाच." त्यांचं म्हणणं खरं आहे का, हे पाहायला मी क्रमांकाचे पहिले चार आकडे घेतले: `5181`.

यूपीआय आणि आयएमपीएस यांच्या क्रमांकात पहिला आकडा हा सालाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन आकडे म्हणजे वर्षाचा कितवा दिवस. `5` म्हणजे २०२५. `181` म्हणजे एकशे एक्क्याऐंशीवा दिवस. साध्या वर्षात जानेवारी ३१ ला संपतो, फेब्रुवारी ५९ ला, मार्च ९० ला, एप्रिल १२० ला, मे १५१ ला आणि जून बरोबर १८१ ला. म्हणजे व्यवहार ३० जूनचाच. रात्री उशिरा बँकेचा दिवस बंद होत असताना आलेली रक्कम खात्यावर पुढच्या तारखेला चढू शकते. तसंच झालं होतं. व्याज काढून टाकलं आणि वहिनींना ॲपमधल्या पावतीचा फोटो मागून फाइलला लावला.

हा फोटो का मागितला तेही सांगतो. क्रमांकाची ही रचना जाणकाराला दिशा दाखवते, पण कागदोपत्री पुरावा म्हणून ॲपमधली तारीख-वेळ असलेली पावतीच लागते. शिवाय सालाचा एकच आकडा असल्यामुळे तो दर दहा वर्षांनी पुन्हा येतो. लीप वर्षात फेब्रुवारीनंतरच्या सगळ्या हिशेबात एक दिवस वाढवायचा, हेही विसरू नये. पण "हा व्यवहार नेमका कधीचा" एवढं ओळीकडे पाहूनच कळलं, तर निम्मी शोधाशोध वाचते.

३. क्रमांकाची लांबी पाहिली की रस्ता कळतो

कधी कधी ओळीत रस्त्याचं नावच नसतं, नुसता लांबलचक क्रमांक असतो. तेव्हा तो मोजायचा. बारा आकडे असतील तर यूपीआय किंवा आयएमपीएस. अक्षरं आणि आकडे मिळून सोळा असतील तर बहुधा एनईएफटी. बावीस असतील तर बहुधा आरटीजीएस. आरटीजीएस दोन लाख आणि त्यावरच्या रकमेसाठीच असतं, त्यामुळे रक्कम पाहूनही खात्री पटते.

बावीस अक्षरी क्रमांक तर उघड्या पुस्तकासारखा असतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पैसे ठेकेदाराला दिले, त्या वेळचा क्रमांक या साच्याचा होता:

```
DNSBR52025063000000123
```

पहिली चार अक्षरं पाठवणाऱ्या बँकेची. इथे `DNSB`, म्हणजे डोंबिवली नागरी सहकारी बँक. ठाण्याच्या टीजेएसबीचा कोड `TJSB` आणि कल्याण जनता सहकारी बँकेचा `KJSB`. आयएफएससीची पहिली चार अक्षरं तीच ही. पुढे `R` म्हणजे आरटीजीएस. त्यानंतरचा एक आकडा व्यवहार कोणत्या मार्गाने सुरू झाला त्याचा. मग सरळ तारीख: `20250630`, आधी साल, मग महिना, मग दिवस. शेवटचे आठ आकडे त्या दिवसाच्या अनुक्रमाचे.

याचा उपयोग असा झाला. ठेकेदार म्हणत होता, "साहेब, पैसे आले नाहीत." त्याला हा बावीस अक्षरी क्रमांक पाठवला आणि सांगितलं की तुमच्या शाखेत हाच क्रमांक दाखवा. पैसे त्याच्या दुसऱ्या खात्यात जमा झालेले निघाले. नुसती रक्कम आणि तारीख सांगितली तर शाखेतला कारकून शोधत बसतो. क्रमांक दिला की नोंद लगेच समोर येते. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे, त्यामुळे "सुट्टी होती म्हणून पोचले नाहीत" हे कारणही आता फारसं टिकत नाही.

४. ठरलेली वजावट: कोणाचं नाव आहे यापेक्षा परवानगी कुठे दिली ते शोधा

लोक सर्वांत जास्त बिचकतात ते `NACH`, `ACH D`, `ECS`, `SI`, `MANDATE` या शब्दांना. या सगळ्यांचा अर्थ एवढाच की आपण कधीतरी "दरमहा माझ्या खात्यातून घ्या" अशी परवानगी दिली आहे आणि तिच्या जोरावर पैसे गेले. `SI` हा आपल्याच बँकेला दिलेला स्थायी आदेश. `NACH` किंवा `ACH` म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून दुसऱ्या संस्थेने मागून घेतलेली रक्कम. `ECS` हे त्याआधीच्या व्यवस्थेचं नाव, काही बँकांच्या छपाईत अजून टिकून आहे. `ACH C` दिसलं तर घाबरायचं कारणच नाही. ते पैसे आपल्याकडे आलेले असतात, बहुधा शेअरचा लाभांश. सरकारी अनुदानाच्या ओळीत `APB` किंवा त्याच्या जवळचं काहीतरी दिसतं, म्हणजे आधार क्रमांकावरून जमा झालेली रक्कम.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू एकदा फार घाबरून आल्या होत्या. दर महिन्याच्या सात तारखेला दोन हजार रुपये जात होते आणि ओळ होती `ACH D- INDIAN CLEARING CORP`. "मी कुठल्या क्लिअरिंगवाल्याकडून काही घेतलेलं नाही," असं त्यांचं ठाम म्हणणं. मी विचारलं, म्युच्युअल फंडाची एसआयपी आहे का? होती, मुलाने सुरू करून दिलेली. इंडियन क्लिअरिंग कॉर्पोरेशन ही मुंबई शेअर बाजाराची उपकंपनी आहे आणि बाजाराच्या मंचावरून काढलेल्या एसआयपीचे पैसे तिच्यामार्फत फंडाकडे जातात. त्यामुळे पासबुकात फंडाचं नाव येतच नाही. आम्ही फंडाच्या स्टेटमेंटमधली तारीख आणि रक्कम शेजारी ठेवली. दोन्ही जुळलं आणि काकू शांत झाल्या. मधल्या संस्थेचं नाव छापलं जाणं ही या ओळींतली सगळ्यात मोठी फसगत आहे.

मे महिन्याच्या अखेरीला ४३६ आणि २० रुपये गेलेले दिसले, तर तेही बहुधा अशाच परवानगीचं फळ असतं. ४३६ हा प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा वार्षिक हप्ता आणि २० सुरक्षा विम्याचा. विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणून वजावट त्याआधी होते. खातं उघडताना पुढे केलेल्या अर्जांच्या गठ्ठ्यात सही केलेली असते आणि ती कोणालाच आठवत नसते. नको असेल तर शाखेत लेखी द्यावं. पण रद्द करण्याआधी दोन्हींचं संरक्षण दोन-दोन लाखांचं आहे, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्यावं.

परवानगी बंद करायची असेल तर ती कुठे दिली त्यावर मार्ग ठरतो. यूपीआयवरून दिलेली असेल तर ज्या ॲपवरून दिली त्या ॲपच्या ऑटोपे यादीत ती सापडते आणि तिथे रद्द करता येते. कार्डावर दिलेली असेल तर कार्ड देणाऱ्या बँकेच्या संकेतस्थळावर तिची यादी असते. `NACH` असेल तर संस्थेला आणि बँकेला दोघांनाही सांगावं आणि सांगताना परवानगीचा वीस अक्षरी क्रमांक द्यावा. त्याला यूएमआरएन म्हणतात आणि तो बँकेकडे मागितला की मिळतो. एखाद्या ॲपने "फक्त एक रुपयात चाचणी" म्हणून पिन टाकायला लावला असेल, तर तो पिन एका रुपयाचा नसतो, पुढच्या सगळ्या हप्त्यांचा असतो. यूपीआय आणि कार्डावरच्या अशा वजावटीआधी किमान २४ तास सूचना यावी लागते. तो संदेश जाहिरात समजून पुसू नका.

५. अनोळखी रक्कम १.१८ ने भागून पाहा

ही युक्ती मला हिशेब खात्याने दिली. बँकेच्या सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. शुल्क स्वतः गोल आकड्यात असतं, पण कर मिळवल्यावर रक्कम विचित्र दिसते. म्हणून ओळीत दुसऱ्या कोणाचंही नाव नसेल आणि रक्कम विचित्र असेल, तर कॅल्क्युलेटर काढायचा आणि १.१८ ने भागायचं. गोल आकडा आला तर पैसे बँकेनेच घेतले आहेत.

२९५ ला भागलं की २५० येतात. २३६ चे २००, ५९० चे ५००, १७.७० चे १५. आता २७.१४ घ्या. हे काय असेल? भागल्यावर २३ येतात. मोफत व्यवहार संपल्यावर एटीएममधून पैसे काढण्याचं कमाल शुल्क १ मे २०२५ पासून २३ रुपये आहे, त्याच्यावरचा कर धरून २७.१४. त्याआधी ते २१ होतं, म्हणून जुन्या पासबुकात २४.७८ दिसतात.

या हिशेबाने एक गुंता कसा सुटला ते सांगतो. इमारतीतल्या एका तरुणाच्या पासबुकात एकाच महिन्यात दोनदा २९५ गेलेले होते. एक नोंद १२ तारखेची, दुसरी २० तारखेची. त्याला वाटलं, कुठलं तरी वर्गणीवालं ॲप पैसे खातंय. २९५ म्हणजे अडीचशे अधिक कर, हे कळल्यावर आम्ही मागच्या ओळी पाहिल्या. ५ तारखेला मोटारसायकलच्या कर्जाचा हप्ता मागितला गेला होता, खात्यात पैसे कमी होते. कर्ज देणाऱ्या संस्थेने काही दिवसांनी तोच हप्ता पुन्हा मागितला, तेव्हाही पैसे कमीच होते. दोन वेळा हप्ता परत गेला, दोन वेळा शुल्क लागलं. पण खात्यात तेव्हा शुल्क वळतं करायलाही शिल्लक नव्हती, म्हणून ती रक्कम नंतर पैसे आले तेव्हा वसूल झाली. त्यामुळे शुल्काची तारीख आणि कारणाची तारीख जुळत नव्हती. कर्ज देणाऱ्या संस्थेचा स्वतःचा दंड वेगळाच असतो, तो पासबुकात न दिसता कर्जखात्यात चढतो. त्याने हप्त्याची तारीख पगारानंतरची करून घेतली आणि प्रश्न संपला.

या युक्तीची मर्यादाही लक्षात ठेवा. दुकानातल्या अनेक वस्तूंवरही १८ टक्केच कर असतो. म्हणून ओळीत दुकानाचं किंवा माणसाचं नाव असेल तर हा भागाकार काहीच सिद्ध करत नाही.

६. कार्डाच्या ओळीत पाटीवरचं नाव शोधू नका

कार्ड घासलं की ओळ साधारण अशी येते:

```
POS 4XXXXXXXXXXX4417 S K HOSPITALITY AND CAT THANE IN
```

`POS` म्हणजे दुकानातल्या यंत्रावर वापरलेलं कार्ड. `ECOM` किंवा `PG` असेल तर ऑनलाइन. काही बँका खरेदीला `PUR` छापतात. मग कार्डाचा झाकलेला क्रमांक. त्याचे शेवटचे चार आकडे आधी पाहा, कारण घरात दोन-तीन कार्डं असतात आणि "मी वापरलंच नाही" म्हणणाऱ्याच्या मुलाने दुसरं कार्ड वापरलेलं असतं. पहिला आकडा ४ असेल तर कार्ड व्हिसाचं, ५ असेल तर बहुधा मास्टरकार्डचं, ६ किंवा ८ असेल तर बहुधा रुपेचं.

त्यानंतरचं नाव हे दुकानाच्या पाटीवरचं नसतं. यंत्र घेताना ज्या नावाने कागदपत्रं दिली, ते नाव तिथे येतं. त्याला साधारण २२ ते २५ अक्षरांचीच जागा असते, म्हणून शेवट तुटतो. ठाण्याला राम मारुती रोडवर आपण थाळी जेवतो, पाटीवर असतं घरगुती मराठी नाव आणि पासबुकात येतं कुठलंसं "हॉस्पिटॅलिटी". शहराचंही तसंच. नोंदणी ज्या पत्त्यावर झाली ते शहर छापलं जातं. खरेदी फडके रोडवर केली आणि मालकाचं कार्यालय कल्याणला असलं, तर कल्याण येऊ शकतं. ऑनलाइन खरेदीत तर दुकानाऐवजी मधल्या पेमेंट कंपनीचं नाव पुढे असतं.

मग ओळख पटवायची कशी? रक्कम आणि तारीख घेऊन मागे जायचं. कार्डाची नोंद खात्यावर दोन-तीन दिवसांनी पक्की होऊ शकते, म्हणून छापलेल्या तारखेच्या आधीचे तीन दिवस आठवा. यंत्रातून निघालेली पातळ चिठ्ठी जपून ठेवली असेल तर सोन्याहून पिवळं. तिच्यावर यंत्राचा आठ अक्षरी क्रमांक असतो, काही बँका तो ओळीतही छापतात, आणि दोन्ही जुळले की विषय संपतो. त्या चिठ्ठीची शाई मात्र काही महिन्यांत उडते. मोठ्या खरेदीच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवावा.

७. परत आलेले पैसे रकमेवरून नव्हे, क्रमांकावरून जुळवा

`REV`, `RVSL`, `RETURN` हे शब्द दिसले की समजावं, आधी गेलेली रक्कम परत फिरली आहे. पण कोणती? महिन्यात पाचशेचे चार व्यवहार असतील तर रकमेवरून कळत नाही. परतीच्या ओळीत बहुतेक वेळा मूळ बारा आकडी क्रमांकच असतो. तो मागच्या पानावर शोधायचा, सापडला की दोन्ही ओळींवर पेन्सिलने खूण करायची.

पैसे गेले, पोचले नाहीत आणि परतीची ओळही सापडली नाही, तर ते अडकलेले पैसे. यासाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये मुदती ठरवून दिल्या आहेत. यूपीआय किंवा आयएमपीएसने एखाद्याला पाठवलेले पैसे तुमच्या खात्यातून गेले पण त्याला पोचले नाहीत, तर ते जास्तीत जास्त पुढच्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. एटीएममधून नोटा आल्या नाहीत, किंवा दुकानदाराला यूपीआयने वा कार्डाने दिलेले पैसे अडकले, तर पाच दिवसांत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे आणि ती ग्राहकाने न मागताही द्यायची असते. ती आली नाही तर मागावी, आणि मागताना बारा आकडी क्रमांक द्यावा.

८. ओळ लागलीच नाही तर काऊंटरवर काय मागायचं

ग्राहकांना न समजणाऱ्या नोंदी छापू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना बजावलं आणि पासबुकात किमान काय छापायचं त्याची यादीच दिली. सहकारी बँकांनाही तशाच सूचना गेल्या. त्यात पैसे ज्याला गेले त्याचं नाव, कोणत्या मार्गाने गेले तो मार्ग आणि त्याच्या बँकेचं नाव अपेक्षित आहे. शुल्क घेतलं असेल तर ते कशाचं आणि थोडक्यात का, हेही. कार्डाच्या खरेदीत दिनांक, वेळ आणि ठिकाण. म्हणून काऊंटरवर "साहेब, जरा सांगता का" असं अजिजीने विचारायची गरज नाही. "या नोंदीचं पूर्ण विवरण द्या" असं तारीख, रक्कम आणि क्रमांक लिहून अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. बऱ्याचदा पडद्यावर पूर्ण ओळ असते, फक्त छपाईत मावलेली नसते.

पण व्यवहार आपला नाहीच अशी शंका असेल, तर अर्ज लिहीत बसू नका. आधी बँकेच्या क्रमांकावर फोन करून कार्ड किंवा यूपीआय बंद करा, तक्रारीचा क्रमांक घ्या. फसवणूक असेल तर १९३० वर फोन करा. २०१७ च्याच आणखी एका परिपत्रकाप्रमाणे चूक ना बँकेची ना तुमची असेल, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. चार ते सात दिवस लागले तर थोडा भार येतो. त्यापुढे बँकेच्या धोरणावर सगळं अवलंबून. ओटीपी किंवा पिन आपणच कोणाला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

मुदत मोजली जाते ती सूचना मिळाल्यापासून, पासबुक छापल्यापासून नाही. सहा महिन्यांनी मशिनमध्ये पासबुक घालणाऱ्याच्या हाती ओळ येते, तेव्हा तीन दिवस केव्हाच उलटलेले असतात. म्हणून महिन्यातून एकदा स्टेटमेंट काढा, प्रत्येक ओळीचा रस्ता, दिशा आणि क्रमांक पाहा, आणि जी ओळ घरातल्या कोणालाच सांगता येणार नाही, तिच्याबद्दल त्याच दिवशी बँकेला विचारा.